टॅगवर ३,९९९, सूट ४० टक्के, वर 'जीएसटी अलग से'. शेवटी द्यायचे किती?

स्नेहल_सुदामानगर
मंडळी, जरा घाई आहे. ताई सीतलामाता बाजारात एका दुकानात उभी आहे आणि तिने टॅगचा फोटो पाठवलाय. शिवलेला कुर्ता-सेट आहे. छापील ३,९९९, त्यावर ४० टक्क्यांचं लाल स्टिकर आणि खाली पेनाने 'जीएसटी अलग से'. काउंटरवरचा मुलगा २,८३१ म्हणतो. तिला अडीच हजारांच्या वर जायचं नाहीये. आकडा बरोबर आहे का? घ्यावं की पुढचं दुकान बघावं?

तात्या_रामबाग
सोपं आहे. ४० सूट, १८ कर, म्हणजे खरी सूट २२ टक्के. ३,११९ व्हायला हवेत. तो २,८३१ मागतोय, तर गुपचूप घेऊन टाका!

हिशेबनीस
तात्या, ती वजाबाकी चालत नाही. ४० टक्के ३,९९९चे, पण कर लागतो तो उरलेल्या रकमेवर.
३,९९९ × ०.६० = २,३९९.४०
त्यावर १८ टक्के म्हणजे ४३१.८९. बेरीज २,८३१.२९. मुलाचा गुणाकार अगदी बरोबर आहे, त्याने दर चुकीचा धरलाय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना नगामागे अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के लागतात. हा अडीच हजारांचा आकडा सूट वजा केल्यानंतरच्या विक्रीच्या किमतीला लावायचा, टॅगवरच्या ३,९९९ला नाही. २,३९९ म्हणजे ५ टक्क्यांतच. कर ११९.९७, एकूण २,५१९.३७. मुलगा टॅग बघून १८ लावून मोकळा झालाय.

आणि हा झाला कर वेगळा घ्यायचाच असेल तरचा हिशेब. ३,९९९च्या शेजारी काय छापलंय? स्टिकर थोडं बाजूला करून जवळून फोटो मागवा.

मंदा_काकू
अरे, मला राजवाड्याजवळ '५० + २०' सांगितलं होतं. मी ७० टक्के धरून बसले, बिल भलतंच आलं. साडी होती दोन हजारांची.

हिशेबनीस
काकू, आधी ५० गेले म्हणजे हजार उरले, २० टक्के त्या हजारावर. ८०० झाले, म्हणजे सूट ६० टक्के. तेवढंच घेतलं असेल तर दुकानदाराचं बरोबर. साडीला अडीच हजारांची पायरी नाही, तिला ५ टक्केच.

मंदा_काकू
८४०च घेतले मेल्याने.

स्नेहल_सुदामानगर
नवा फोटो आला. स्टिकरखाली बारीक अक्षरात 'एमआरपी, सर्व करांसहित' आहे.

निखिल_विजयनगर
मग विषय संपला. एमआरपी म्हणजे कर आतच. सूट दिली की वर एक पैसा घेता येत नाही.

हिशेबनीस
बरोबर, फक्त 'कर आतच' म्हणजे कर नाही असं नव्हे. करासहित किमतीवर ४० टक्के सूट जाहीर केली तर ग्राहकाने द्यायचे २,३९९.४०च. बिलात ते असे फुटायला हवेत: मूळ २,२८५.१४, केंद्राचा कर ५७.१३, राज्याचा ५७.१३. ताईला बिलात हेच बघायला सांगा. मूळ रकमेच्या जागी २,३९९ दिसले की समजायचं, वरून कर चढवलाय.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७च्या जानेवारीत असाच निकाल दिला होता. तेव्हा व्हॅट होता. सूट दिलेल्या किमतीवर वेगळा कर घेणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरली. पेनाने 'अलग से' लिहिल्याने छापील 'करांसहित' पुसलं जात नाही. दुकानात आवाज चढवण्यापेक्षा टॅग आणि बिल दोन्हींचा फोटो ठेवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तेच लागतं.

तात्या_रामबाग
एवढ्यासाठी कोण फोन करतंय भिया. सणाच्या गर्दीत दुकानदार म्हणेल, नको असेल तर ठेवून द्या.

स्नेहल_सुदामानगर
तसंच म्हणाला. मालक आला, ५ टक्क्यांवर उतरला, २,५१९ सांगतोय. त्याखाली येत नाही. ताई म्हणते, १९ रुपयांनी बजेट कुठे मोडतं. मी म्हणते १२० रुपये कशाला सोडायचे? ती अजून तिथेच आहे.

निखिल_विजयनगर
हिशेबनीस, एक शंका. एमआरपी ४,४९९ असती तर ४० टक्के सुटीनंतर २,६९९.४० होतात, करासहित. आत ५ टक्के धरले तर मूळ किंमत २,५७१, म्हणजे अडीच हजारांवर, म्हणून १८ लागणार. १८ धरले तर मूळ २,२८८, म्हणजे खाली, म्हणून ५ लागणार. मग दर कुठला?

हिशेबनीस
चांगलं पकडलंस. २,६२५ ते २,९५०च्या मधली करासहित किंमत अशी अडकते. ग्राहकाला फरक नाही, द्यायचे २,६९९च. डोकेदुखी दुकानदाराच्या सीएची. आमच्या कचेरीत यावर दोन मतं आहेत.