कोरियन ॲपमधून घरी पैसे : दर, फी आणि पोचण्याच्या वेळेच्या ओळी कशा वाचायच्या?

डेजॉनकर
मी डेजॉनला पोस्टडॉक करतो. आजवर बँकेतूनच पैसे पाठवत आलो, आता लॅबमधल्या नेपाळी मित्राने दोन ॲप टाकून दिलेत. पहिल्यावर शेवटचं बटण दाबण्याआधी हे दिसतं (आकडे सोयीसाठी गोल केलेत). ओळी वरून खाली अशा : पाठवायची रक्कम, फी, लागू दर, मिळणारी रक्कम, पोचण्याची अंदाजे वेळ.

보내는 금액 1,000,000 KRW
수수료 5,000 KRW
적용 환율 1 INR = 16.40 KRW
받는 금액 60,975 INR
도착 예정 1~2 영업일

दुसऱ्यावर 수수료, म्हणजे फी, शून्य, पण दर 16.60. गूगलवर त्याच वेळी 16.25 होता. सोलापूरला आईच्या खात्यात जायचेत. कुठलं घेऊ? आणि ‘1~2’ कधीपासून मोजायचे?

फुकटराव
फी असलेलं ॲप घेऊच नका, सरळ हिशोब आहे. शिवाय दराचा आकडा जितका मोठा तितका आपला फायदा. 16.60 वालं घ्या.

सुवनची काकू
फुकटराव, आकडा मोठा तर चांगला हे तेव्हा खरं, जेव्हा ॲप ‘1,000 वॉनला इतके रुपये’ असं दाखवतं. इथे उलटं मांडलंय : एका रुपयाला किती वॉन मोजायचे. म्हणजे 16.60 महाग, 16.40 स्वस्त. काही ॲप असं लिहितात, काही तसं, म्हणून आधी बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काय आहे ते बघायचं.

डेजॉनकर, मी दर बघतच बसत नाही. माझ्या खात्यातून एकूण किती वॉन गेले आणि आईच्या हातात किती रुपये पडले, एवढ्या दोनच गोष्टी बघते. पहिल्या ॲपवर फी वरून लागते, म्हणजे तुम्हाला 10,05,000 भरावे लागतील. 10 लाखांना 16.40 ने भागलं की बरोबर 60,975 येतात, त्यावरूनच कळतं की फी आतून कापलेली नाही. तेच 10,05,000 दुसऱ्या ॲपवर टाकले तर 16.60 ने 60,542 होतात. म्हणजे फी देऊनही पहिल्यावर सव्वाचारशे रुपये जास्त.

पण एक लाखच पाठवायचे असतील तर चित्र पालटतं. पहिल्यावर 1,05,000 भरून 6,097 पोचतात, दुसऱ्यावर तेवढ्याच पैशांत 6,325. या दोन दरांना साधारण 4,15,000 वॉनच्या आसपास दोन्ही ॲप सारखी पडतात. त्याखाली बिनफीचं, वर फीचं. गूगलचा 16.25 हा नुसता बाजारातला दर, त्या भावात कुणी देत नाही. पण किती फरक खाल्ला ते मोजायला तो बरा.

नाशिकचा बाबा
मुलगी सोलला शिकते. मी इथून फी पाठवतो तेव्हा बँक टीसीएसचं काहीतरी बोलते. तेही यात धरायचं का?

सुवनची काकू
दादा, तो भारतातून बाहेर जाणाऱ्या पैशाचा विषय. इथे पैसे उलट दिशेने चाललेत. वेगळा धागा काढा, चांगली उत्तरं येतील.

डेजॉनकर
पटलं, पुढच्या पानावर 총 입금액, म्हणजे एकूण भरायची रक्कम, 1,005,000 अशीच आहे. पण वेळेचं राहिलं.

सुवनची काकू
हो. 영업일 म्हणजे कामकाजाचे दिवस, शनिवार-रविवार आणि कोरियन सुट्ट्या वगळून. आणि घड्याळ बटण दाबल्यावर सुरू होत नाही. ॲप तुम्हाला 가상계좌, म्हणजे फक्त त्या व्यवहारासाठी खाते क्रमांक, देत असेल तर तिथे तुमचे पैसे जमा झाल्यावर सुरू होतं. शुक्रवारी संध्याकाळी भरलेत तर सोमवारी हलतील असं धरून चाला. चुसक सणाच्या सुट्टीत तर विसराच. भारतातली बाजू सहसा अडत नाही, आयएमपीएस सुट्टीलाही चालतं. अडलंच तर बहुतेक नावात किंवा आयएफएससीमध्ये. पासबुकवर आहे अगदी तसंच नाव टाका.

दुसरं, पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच आणि दाखवलेली रक्कम वॉनपर्यंत जुळवून भरा. मित्राच्या खात्यातून भरलेले पैसे मध्येच लटकतात आणि 도착 예정, म्हणजे पोचण्याच्या वेळेचं, काहीच खरं राहत नाही.

आन्साननिवासी
एक राहिलं. माझ्या ॲपवर रुपयांच्या ओळीत 예상 असं लिहिलेलं असतं, म्हणजे अंदाज. पैसे भरेपर्यंत दर सरकतो. एकदा रात्री नोंद करून सकाळी भरले तर आईला आधी दिसलेल्या रकमेपेक्षा थोडे कमीच मिळाले.

फुकटराव
म्हणजे दर बटण दाबताना गोठतो की पैसे भरताना?

सुवनची काकू
दोन्ही प्रकार आहेत. माझ्या ॲपवर नोंद केल्यापासून भरायची मुदत दिलेली असते आणि त्या वेळात दर तोच राहतो. आन्सानवाल्यांचं तसं नाही. म्हणून नोंद आणि भरणं एका बैठकीत उरका.

डेजॉनकर
पहिल्या ॲपवर 예상 नाही, दुसऱ्यावर आहे. उद्या सकाळी पहिल्यावरून पाठवतो. आईच्या बँकेने त्यातून काही कापलं तर इथे लिहीन. ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आन्साननिवासी
माझ्या आईच्या खात्यात ॲपवर दिसले तेवढे रुपये आले, कारण तिथे रुपयेच पोचतात. बँकेतून डॉलर पाठवायचो तेव्हा मध्ये कुणीतरी कापायचं. तुमच्या आईची बँक कुठली?