सासरचा पहिला सण: छायाचित्राखाली तुम्ही काय लिहिले?

सासरच्या पहिल्या सणाचे छायाचित्र आप्तांना पाठवताना त्याखाली तुम्ही कोणत्या ओळी लिहिल्या आणि त्यामागे काय घडले होते, ते कृपया सविस्तर लिहावे.

नवी सून, मंगळवार पेठ, कोल्हापूर: माझ्या ओळी अशा आहेत: “आज माझ्या हातून गौराई घरात आली. छातीत धडधडत होते, पण सासूबाई माझ्या शेजारीच होत्या.” माहेरी मुखवट्यांच्या गौरी असल्यामुळे पंचगंगेच्या घाटावरून तेरड्याची गौर आणणे मला नवे होते. तेरड्याचे देठ पाणीदार असतात आणि मुठीत दाबले की चटकन मोडतात, म्हणून सासूबाईंनी ती जुडी कळशीत उभी करून दिली. उंबरठ्यावर पायांवर दूध-पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कुंकवाच्या पावलांवरून मी आत आले. “गौराई आली, कशाच्या पावलांनी आली?” असे जावेने विचारले, तेव्हा “सोन्याच्या पावलांनी” हे उत्तर पहिल्यांदा माझ्या घशातच अडकले, धान्याच्या कोठीपाशी पोहोचेपर्यंत मात्र आवाज मोकळा झाला होता.

पुण्याची वाचक: ओळी फार आवडल्या. गौरी अष्टमीला येतात आणि त्याच दिवशी पुरणपोळी असते ना? मग छायाचित्रातल्या ताटात भाजी-भाकरी कशी?

राजारामपुरीतील काकू: अष्टमी पुष्कळदा जुळून येते, पण गौरी नक्षत्रावर चालतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा क्रम आहे. म्हणून नव्या सुनेने रजा टाकण्यापूर्वी पंचांग पाहावे. येण्याच्या दिवशी माहेरवाशिणीला साधे जेवण म्हणून आमच्याकडे शेपूची भाजी आणि भाकरी असते. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी, शंकरोबा आल्यावर. आणि बाळ, तू “सासूबाई शेजारीच होत्या” हे लिहिलेस ते फार बरे केलेस. त्यांनीही हे वाचले असेल.

एक जावई, इचलकरंजी: माझा सासरचा पहिला सण म्हणजे दिवाळसण. पाटावर बसवून सासूबाईंनी तेल-उटणे लावले, तेव्हा मीही पुरता अवघडलो होतो. छायाचित्राखाली मी फक्त “पोहोचलो, जेवलो” एवढेच लिहिले.

नवी सून: काकू, सासूबाईंनी वाचले आणि ते छायाचित्र माझ्या आईला पुन्हा पाठवले. एक विचारायचे आहे. गौरीपुढे सुपातले वाण ठेवण्याचा पहिला ववसा यंदाच घ्यावा असे सासूबाई म्हणतात, पण आजेसासूबाईंच्या मते सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी येतील त्या वर्षापर्यंत थांबावे. सूप, दोरे आणि पाने आणून ठेवली आहेत.

राजारामपुरीतील काकू: दोन्ही रीती मी पाहिल्या आहेत. आमच्या घरी थांबलो होतो, शेजारी थांबले नव्हते. घरात आजेसासूबाई आहेत, तेव्हा त्या दोघींना एकत्र बसवून विचार. सूप तसेच झाकून ठेव, पाने मात्र ताजी लागतील.