मदत हवी आहे: फोटोवरून बाइकचा पुढचा फोर्क वाकलाय असं अहवालात लिहावं का?

म्हापशेकर: १२५ सीसीची बाइक पर्वरीला उभ्या गाडीवर समोरून आदळून डाव्या बाजूला पडली. दाव्याच्या अहवालासाठी माझ्याकडे फक्त चार फोटो आहेत. पुढचा मडगार्ड फुटलाय, हेडलाइट गेलाय, डावा इंडिकेटर, क्लच लिव्हर आणि फूटरेस्ट घासलेत. टाकीला मात्र उजवीकडे पोचा आहे. फोर्क मला वाकलेला वाटतो. लिहू का?

रानमाणूस: पोच्यात गंज दिसतो का बघ. गंज असला की जुनं नुकसान, सरळ वगळायचं.

फोंड्याचा_मिस्त्री: गंजावर जाऊ नका. आपल्या पावसात उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. त्यापेक्षा कडा बघा. जुन्या ओरखड्याच्या रंगाच्या कडा घासून गोल झालेल्या असतात आणि आत धूळ घट्ट बसलेली असते. ताज्याच्या कडा धारदार असतात.

आता फोर्क. अगदी बाजूने, चाकाच्या आसाच्या उंचीवरून, हँडल सरळ ठेवून काढलेला फोटो आहे का? असेल तर दोन आसांमधलं अंतर मागच्या टायरच्या व्यासाने भागा. त्याच मॉडेलच्या धड गाडीच्या तशाच फोटोवर तेच करा.

म्हापशेकर: आहे. टायर ४०० पिक्सेल, आसांमधलं अंतर ८१२, म्हणजे २.०३. धड गाडीचं २.१० येतं.

फोंड्याचा_मिस्त्री: टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर धरला, तर चाक चारेक सेंटिमीटर मागे सरकलंय. मोबाइल जवळून धरला असेल तर तेवढी चूक कॅमेराच करतो, म्हणून तीनचार मीटरवरून पुन्हा फोटो मागवा. तरी आकडा तोच आला, तर चाक मागे गेलंय हे लिहा. पण फोर्कचे पाइप वाकले, ते धरणारी टी वाकली की चेसिसची मान मागे गेली, हे त्यातून कळत नाही. मानेच्या वेल्डजवळ रंगाला तडे किंवा सुरकुत्या दिसतात का, तो फोटो वेगळा घ्या. अहवालात ‘फोर्क: खोलून तपासणीच्या अधीन’ एवढंच.

सुशेगाद_बाय: माझ्या स्कूटरच्या क्लेममध्ये मडगार्डचे निम्मेच पैसे मिळाले. फोटो नीट काढले नव्हते म्हणून का?

फोंड्याचा_मिस्त्री: नाही हो बाय, फोटोंचा संबंध नसावा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप घेतलं असतं तर तो वाचला असता.

म्हापशेकर: आणि टाकीचा पोचा? गाडी तर डावीकडे पडली.

फोंड्याचा_मिस्त्री: आदळताना हँडल पूर्ण उजवीकडे फिरलं, तर उजवा स्विच टाकीवर आपटू शकतो. हँडल तसंच वळवून बघा, स्विच पोच्याच्या उंचीवर येतो का. शिवाय हँडल अडवणारा स्टॉपर मोडलेला किंवा वाकलेला दिसायला हवा.

रानमाणूस: तरी मी तो पोचा वेगळ्या ओळीत लिहीन. टाकी बदलायची म्हटल्यावर बिल बरंच फुगतं.

म्हापशेकर: स्टॉपरचा फोटो गॅरेजकडून मागवलाय. तोपर्यंत टाकी प्रलंबित ठेवतो.