मदत हवी: १२० हर्ट्झसाठी महागडी एचडीएमआय केबल घ्यावीच लागते का?

घाईगडबड: नवा फोर-के टीव्ही, सोबत पीएस ५. गेम ६० वरच अडकलाय, १२० येतच नाही. विक्रेता म्हणतो, सोन्याच्या मुलाम्याची केबल घ्या, चित्रही खुलेल. घेऊ का? शनिवारी मित्र येणार आहेत.

तारकरी: आत्ता कोणती केबल आहे? किती लांब? टीव्हीच्या कितव्या पोर्टला?

घाईगडबड: केबल म्हणजे केबल! जुन्या सेटटॉप बॉक्सची होती, तीच लावली. पोर्ट हाताला लागला तो.

रंगीला: महागडी घ्याच. मी बदलली तेव्हा लाल रंग असा उठून आला की विचारू नका.

तारकरी: रंगीलाशेठ, बदलताना पोर्टही बदलला होता का? बऱ्याच टीव्हींत प्रत्येक पोर्टचं पिक्चर सेटिंग वेगळं असतं. केबलमधून आकडे जातात. ते नीट पोचले तर चित्र तेच. नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. लाल फिका होत नाही.

रंगीला: माझे डोळे खोटे नाहीत.

निवांत: २.१ छापलेली केबल घ्या, विषय संपला.

तारकरी: तो आकडा कोणीही छापतो. खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं लेबल बघा, त्यावरचा कोड फोनने स्कॅन करता येतो. ती ४८ गिगाबिटपर्यंतची असते. पीएस ५ साठी ३२ पुरतात. जुन्या केबली फार तर १८ च्या, म्हणजे फोर-के ६० पर्यंतच्या. पण घाईगडबड, आधी पोर्ट बघा. कित्येक टीव्हींत चारपैकी दोनच १२० वाले असतात, आणि त्यांचाही सिग्नल सेटिंगमधून वाढवावा लागतो.

प्रोजेक्टरवाला: माझा साउंडबार मुका झालाय. आणि प्रोजेक्टरला १० मीटर केबल हवी आहे, कोणती?

निवांत: वेगळा धागा काढा हो.

घाईगडबड: तिसऱ्या पोर्टवर बारीक अक्षरात १२० लिहिलंय! तिथे लावून सेटिंग वाढवलं, पर्याय आला. पण दर चार-पाच मिनिटांनी पडदा काळा होतो, अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपके.

तारकरी: आता मात्र केबल. पीएस ५ च्या खोक्यातली कुठे गेली?

घाईगडबड: खोक्यातच, पिशवीसुद्धा फोडली नव्हती. 🙈 ती लावली. तासभर खेळलो, एकदाही काळं नाही. चित्र मात्र खुललं वगैरे नाही, आहे तसंच.

रंगीला: कारण ती फुकटातली आहे.

तारकरी: प्रोजेक्टरवाले, १० मीटरला साधी तांब्याची केबल १२० चा भार पेलत नाही, ऑप्टिकल लागेल. तिला दिशा असते; उलटी लावलीत तर चित्र येणारच नाही. प्रोजेक्टर १२० घेतो का?

प्रोजेक्टरवाला: ते कुठे लिहिलेलं असतं?