एवढं काम एका शिफ्टमध्ये बसत नाही, हे तुम्ही मेलवर साहेबांना कसं कळवलंत? (अनुभव धागा)

खिडकीजवळची_खुर्ची:
काल मामीचा डिस्चार्ज होता. सकाळी साडेदहाला डॉक्टर 'घरी जा' म्हणाले आणि मग आम्ही विम्याच्या मंजुरीची वाट बघत बसलो. मामा काउंटरवर तणतणत होते, मी गप्प. कारण त्या मंजुरीच्या पलीकडच्या खुर्चीत मी तीन वर्षं बसलोय.

एका सकाळी माझ्या नावावर ५९ फाइली पडल्या. नऊ तासांची शिफ्ट, त्यातून जेवण, चहा आणि सकाळची मीटिंग वजा केली तर ४६५ मिनिटं उरतात. फोन आणि लटकणारी सिस्टीम धरली की हातात येतात जेमतेम ३९५. घाबरतच मेल टाकला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"सर, आजच्या ५९ फाइलींना माझ्या गेल्या दोन आठवड्यांच्या वेगाने ७६६ मिनिटं लागतील. हातात ३९५ आहेत. आधी १४ डिस्चार्ज (१४० मिनिटं), मग १६ नवे कॅशलेस (१९२), मग हॉस्पिटलकडून उत्तर आलेल्या ८ क्वेरी (५६) घेतो. २१ रिइम्बर्समेंट (३७८) आज होणार नाहीत. त्यातल्या तीन फाइलींची मुदत उद्या संपते, त्यांचे क्रमांक खाली दिलेत. त्या दुसऱ्या कुणाला द्याव्यात ही विनंती. क्रम बदलायचा असल्यास ११ पर्यंत सांगा, तोवर याच क्रमाने सुरू करतो."

उत्तर एका ओळीचं आलं: "ओके. ३ शिफ्टेड." बस्स! तुमचेही अनुभव लिहा.

मिरजेची_मावशी:
मामी कशा आहेत आता? आमच्या बँकेतही पेन्शनच्या दिवशी अशीच क्यू असते, एकच खिडकी उघडी. मॅनेजरला सांगून काही होत नाही.

खिडकीजवळची_खुर्ची:
मावशी, मामी बऱ्या आहेत, भाकरी मागतायत 😀 आमची क्यू म्हणजे माणसांची रांग नव्हे हो, संगणकावर साठलेल्या फाइली.

तुषार_नाइटशिफ्ट:
एवढं गणित कशाला? जुनी फाइल आधी, हाच न्याय. आणि घड्याळ अंगावर आलं की एक क्वेरी टाकायची, फाइल हॉस्पिटलच्या कोर्टात.

जुनी_टीमलीड:
तुषार, अर्धं बरोबर. एकाच प्रकारच्या फाइलींत जुनी आधी, हे ठीक. पण चार दिवसांपूर्वीची रिइम्बर्समेंट आणि आत्ता आलेला डिस्चार्ज एका रांगेत लावता येत नाहीत. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे नव्या कॅशलेसवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने सोसायची. रिइम्बर्समेंटची मुदत दिवसांत मोजतात.
उगाच टाकलेली क्वेरी तर उलटतेच. तीच फाइल संध्याकाळी परत येते, दोनदा वाचावी लागते, आणि पेशंट पलंगावर तसाच.

खुर्ची, तुझ्या मेलात एक भोक होतं. १४ डिस्चार्ज ही सकाळची मोजणी. राउंड संपले की अकरा ते दोन डिस्चार्जचा लोंढा येतो. तुझ्याकडे शिल्लक होती ७ मिनिटं! आणि तासाची मुदत असलेले कॅशलेस सगळ्या डिस्चार्जच्या मागे कसे ठेवलेस?

खिडकीजवळची_खुर्ची:
पकडलंत 🙈 प्रत्यक्षात दोन्ही आलटून पालटून, ज्याची वेळ आधी संपते ते आधी, असं केलं. तरी दुपारी आणखी ६ डिस्चार्ज आले. दीड वाजता त्याच मेलखाली लिहिलं, "६ वाढले, साधारण एक तास. ८ क्वेरी आता उद्यावर." त्या उद्यावर गेल्याच.

लॅबवाली_पल्लवी:
कुकर लावून लिहितेय. आमच्याकडे पॅथॉलॉजीत आयसीयूचे नमुने आधी, रुटीन नंतर, हे ठरलेलंच. पण वॉर्डवाले प्रत्येक नळीवर 'अर्जंट' लिहून पाठवायचे. ४० पैकी ३० अर्जंट, म्हणजे अर्जंट काहीच नाही! मी मेलमध्ये कोणत्या वॉर्डातून किती आले एवढंच लिहिलं. आठवडाभर फरक पडला, मग ये रे माझ्या मागल्या.

अनामिक_पुणेकर:
मी असाच मेल केला, तर अप्रेझलला 'स्पीड कमी' असा शेरा. माझं चुकलं काय?

जुनी_टीमलीड:
कधी पाठवलात?

अनामिक_पुणेकर:
सहा वाजता, निघताना.

जुनी_टीमलीड:
तेव्हा साहेबाच्या हातात काय उरतं? सकाळी कळलं तर माणूस हलवता येतो. पण शेरा तेवढ्यामुळेच आला असेल असं नाही म्हणत. काही साहेबांना आकडा दिसला की तो स्वतःवरचा आरोपच वाटतो.

तुषार_नाइटशिफ्ट:
आमचा तसलाच आहे. मेल नको, फोन कर म्हणतो. फोनवर सगळ्याला हो.

लॅबवाली_पल्लवी:
फोननंतर दोन ओळींचा मेल टाकायचा, "बोलल्याप्रमाणे अमुक आज, तमुक उद्या." अरे देवा, शिट्ट्या किती झाल्या??

मिरजेची_मावशी:
पाच तरी झाल्या असतील. डाळीचं पिठलं झालं बघ 😂