कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याने बायोटिन अडतं का? भावासाठी सल्ला हवाय

प्राची_वाळवा
धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. तालमीत कुणीतरी सांगितलं म्हणून तीन महिने रोज पहाटे सहा अंड्यांचं कच्चं पांढरं दुधात ढवळून पितो. पिवळं घेत नाही, चरबी वाढते म्हणे. ते मी भाजीत नाहीतर कणकेत घालते. गेल्या महिन्यापासून त्याच्या उशीवर केस दिसायला लागलेत आणि नाकाच्या कडेला कातडी लाल होऊन पापुद्रे सुटतात. मैत्रीण म्हणाली, कच्चं पांढरं बायोटिन शोषू देत नाही. हे खरं आहे का? आणि अंडी बंद न करता काय करता येईल? प्रथिनं त्याला हवीच आहेत.

शाहूपुरीकर
आमच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या कच्ची अंडी दुधात फोडून घेतात. मी स्वतः आठ वर्षं घेतली, एक केस गळला नाही. इंटरनेटवर वाचून पोराला घाबरवू नका.

सुगंधा७
मी दर रविवारी केसांना अंड्याचं पांढरं लावते. हे वाचून धस्स झालं. त्यानेही बायोटिन कमी होतं का?

मेघमल्हार
सुगंधाताई, नाही. हा सगळा प्रकार आतड्यात घडतो. वरून लावून धुऊन टाकलेल्या पांढऱ्याचा काही संबंध नाही.

प्राची, तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. अन्नतंत्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याला चार खोबणी, आणि प्रत्येक खोबणीत बायोटिनचा एक कण इतका घट्ट बसतो की आतड्यातले पाचकरसही तो सोडवू शकत नाहीत. जोडी तशीच शौचावाटे निघून जाते. आता हिशेब करा. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण दीड मिलिग्रॅम अॅव्हिडिन धरलं, तर ते वीसेक मायक्रोग्रॅम बायोटिन पकडू शकतं. सहांचं झालं १२०च्या वर. मोठ्या माणसाची दिवसाची गरज धरतात सुमारे ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे जेवणातून येणाऱ्या बायोटिनला पुरून उरेल एवढं अॅव्हिडिन तो रोज पितोय. शिवाय अंड्यातलं बायोटिन जवळजवळ सगळं पिवळ्यात असतं, दहाएक मायक्रोग्रॅम, आणि तेच तो बाजूला काढतो.

शाहूपुरीकर
मग मला का नाही झालं? आम्ही तर पिवळ्यासकट घ्यायचो.

मेघमल्हार
पिवळ्यासकट घेतल्याने फरक पडतोच, पण पूर्ण भरपाई होत नाही. एका अंड्यातलं पांढरं जेवढं पकडू शकतं, त्याच्या निम्मंच पिवळ्यात असतं. तुम्ही रोज किती घ्यायचात?

शाहूपुरीकर
दोन. कधी तीन. बरोबर बदाम घातलेली थंडाई आणि दोन वेळा मटण.

मेघमल्हार
दोन अंडी आणि असा भरघोस आहार, म्हणजे वरून बायोटिन येत राहिलं. म्हणूनच तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो सहा पांढऱ्यांना लागू होत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. माणसांवरचा गाजलेला प्रयोग १९४२ सालचा, अमेरिकेतल्या जॉर्जियात सिडनस्ट्रिकर यांनी केलेला. चार स्वयंसेवकांच्या आहारात जवळपास ३० टक्के उष्मांक अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्यातून दिले, बाकी जेवणही बायोटिनने हलकं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कातडीचे कोंड्यासारखे पापुद्रे सुटायला लागले, पुढे थकवा, स्नायूदुखी, अन्नावरची वासना गेली. बायोटिनची इंजेक्शनं दिल्यावर काही दिवसांत बरे झाले. पण तेवढे उष्मांक म्हणजे रोज चाळीसेक अंड्यांचं पांढरं. सहांनी तीन महिन्यांत किती कमतरता येते, हे मी ठामपणे सांगणार नाही. नाकाकडेचे पापुद्रे या चित्रात बसतात, पण साध्या कोंड्याच्या त्वचारोगातही तसंच दिसतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि सहा पांढऱ्यांची गोष्ट आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

दूधवाली_मावशी
एवढं कशाला? दूध उकळतं घेऊन त्यात पांढरं ओतायचं. शिजलं की झालं.

मेघमल्हार
मावशी, दिशा बरोबर आहे, पण त्याने काम होत नाही. पेलाभर, म्हणजे २५० मिलि दूध गॅसवरून काढलं तेव्हा ९५ अंश धरू. सहा अंड्यांचं पांढरं भरतं २०० ग्रॅम, घरातल्या हवेचं, २५ अंशांवर. दोन्ही एकत्र झाल्यावर मिश्रण येतं ६४ अंशांच्या आसपास, आणि लगेच निवायला लागतं. तेवढ्यावर पांढऱ्याच्या थोड्या गुठळ्या होतात, म्हणून शिजल्यासारखं वाटतं. अॅव्हिडिनची घडी मात्र ८५ अंशांच्या आसपास मोडते. ती मोडली की खोबणींचा आकारच राहत नाही, बायोटिन बसायला जागा उरत नाही, आणि मग अॅव्हिडिन इतर प्रथिनांसारखं पचून जातं. शिजवल्याने प्रश्न मिटतो तो यामुळे. फेटल्याने किंवा लिंबू पिळल्याने हे होत नाही.

म्हणजे पांढरं घट्ट दिसलं की अॅव्हिडिन गेलं, असं नाही. १९९१ साली शिजवलेल्या पांढऱ्यात अॅव्हिडिन मोजलं होतं. तळलेल्या अंड्यात सुमारे एक तृतीयांश शिल्लक निघालं, पाण्यात सोडून शिजवलेल्यात त्याहून जास्त. पूर्ण घालवायला चार मिनिटांपेक्षा जास्त उकळावं लागलं. हाफ फ्रायमध्ये पिवळ्याभोवती जो पारदर्शक, तार सुटणारा भाग राहतो ना, तो अजून कच्चाच असतो.

निशा_नगर
बाजारात पाश्चराइज केलेलं पांढरं बाटलीत मिळतं, ते चालेल का? आमच्या जिमचा ट्रेनर म्हणतो ते सेफ.

मेघमल्हार
जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित, हे बरोबर. पण पांढरं ५७ अंशांच्या आसपासच तापवतात, नाहीतर ते बाटलीतच गोठेल. अॅव्हिडिन त्यातून सहीसलामत सुटतं.

लॅबमधला_दादा
प्राचीताई, कुणी भावाला दहा हजार मायक्रोग्रॅमच्या बायोटिनच्या गोळ्या सुचवल्या असतील तर ऐका. एवढ्या डोसपुढे सहा अंड्यांचं अॅव्हिडिन काहीच नाही, कमतरता असेल तर भरून निघेल. पण थायरॉइडच्या कित्येक तपासण्यांत अॅव्हिडिनच्याच जातीचं प्रथिन वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटंच कमी येऊ शकतं. केस गळतात म्हणून डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगणारच, तेव्हा गोळी घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. किती दिवस बंद ठेवायची ते त्यांना आणि लॅबला विचारा.

प्राची_वाळवा
गोळ्या आणल्यात, त्याच ताकदीच्या. अजून सुरू केल्या नाहीत, आता आधी तपासणी करून घेऊ. सहा अंडी उकडून दिली तर प्रथिनं कमी होतील असं तो म्हणतो.

मेघमल्हार
उलट वाढतील. बेल्जियममध्ये १९९८ साली मोजलं होतं, शिजवलेल्या अंड्याचं प्रथिन ९० टक्क्यांच्या आसपास पचलं, कच्च्याचं ५० टक्क्यांच्या आसपास. पाणी उकळल्यावर अंडी सोडायची आणि दहा मिनिटं ठेवायची. पिवळंही दोन-तीन तरी खाऊ द्या.

शाहूपुरीकर
हे प्रथिनाचं मला माहीत नव्हतं. पण पहाटे पळायला जाण्याआधी सहा उकडलेली अंडी पोटात जड पडतात, म्हणून तर कच्ची घ्यायची पद्धत पडली.

मेघमल्हार
मग आधी एखादं केळं आणि अंडी पळून आल्यावर. प्राची, पापुद्रे कुठे कुठे आहेत? फक्त नाकाशी, की डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडेलाही?

प्राची_वाळवा
नाकाशी आणि भुवयांत. ओठ ठीक आहेत. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. आज सकाळी अंडी उकडून ठेवली होती, त्याने चार खाल्ली.