प्रतिसाद: आधी इंग्रजी झाकून ठेवा

> 'औषधाच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद तपासायचाय. चूक अशी काही दिसत नाही, पण वाचताना अडखळायला होतं. सुरुवात कुठून करू?'

मूळ इंग्रजी बाजूला ठेवा आणि नुसतं मराठी मोठ्याने वाचा. मागे असंच एक पत्रक मी पंचवटीतल्या मावशींना वाचून दाखवलं. त्यातलं वाक्य होतं: 'हे औषध घेणे थांबवू नका जोपर्यंत तुमचा डॉक्टर तुम्हाला सांगत नाही.' मावशी म्हणाल्या, ''तुमचा डॉक्टर' काय? डॉक्टर काय आपल्या घरचा गडी आहे?'

मराठीत अट आधी येते, क्रियापद शेवटी. शिवाय इथे 'तुमचा', 'तुम्हाला' यांची गरजच नाही. 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे औषध बंद करू नका.' संपलं. आदर 'डॉक्टरांनी'मध्येच आला. मात्र पुढच्या वाक्यातही तो टिकायला हवा: 'ते तपासतील', 'तपासेल' नाही. घसरतं ते बहुधा तिथेच, कारण इंग्रजी क्रियापदात आदर दिसतच नाही.

मग मूळ शेजारी घेऊन फक्त शक्यतेची वाक्यं ताडून पाहा. त्या पत्रकात 'गुंगी येऊ शकते'चं 'गुंगी येते' झालं होतं. असं वाचून एखादा गोळीच घ्यायचा नाही.

शेवटी 'तू', 'तुम्ही', 'आपण' शोधून एकच ठेवा. पत्रकाला 'तुम्ही' बरं. 'आपण'मध्ये 'आपण सगळे' असाही अर्थ निघतो. पण 'सगळे बदला' दाबू नका हं, 'रुग्णाने आपली गोळी'तलं 'आपली' म्हणजे स्वतःची, तिथे 'तुमची' झालं की वाक्य बिघडलं.